ईसीजी नॉर्मल आला, पण मानेची धमनी कोणी पाहिली?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

छातीत दुखले की ताबडतोब ईसीजी काढायचा, जिभेखाली गोळी ठेवायची आणि हृदयरोगतज्ज्ञांकडे धावायचे, हे मुंबईत आता घरोघरी ठाऊक झाले आहे. हीच शिकवण मेंदूच्या झटक्यालाही जशीच्या तशी लावली जाते आणि त्यात हातातले मोलाचे दिवस निघून जातात, हे मला यंदा माझ्याच घरात पाहावे लागले. मी परळ भागात ३४ वर्षे जनरल प्रॅक्टिस करून निवृत्त झालो आहे. पुढील प्रसंगातली पहिली चूक माझी आहे, म्हणूनच तो लपवून न ठेवता लिहीत आहे.

माझे थोरले बंधू ७१ वर्षांचे असून दादरला राहतात. सहा वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी त्यांनी एक दिवसही चुकवलेली नाही, आणि दरवर्षी ईसीजी, इको व स्ट्रेस टेस्ट यांचे अहवाल ते फाईलमध्ये नीट लावून ठेवतात. जुलैमध्ये एका सकाळी दाढी करताना त्यांच्या डाव्या डोळ्यासमोर, दुकानाचे शटर वरून खाली ओढावे तसा, काळा पडदा उतरला आणि तीन-चार मिनिटांत वर गेला. त्यांनी मला फोन केला. मी म्हणालो, "दादा, मोतीबिंदू वाढला असेल, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव." मोतीबिंदूने दृष्टी महिनोन्महिने धूसर होत जाते, तो काही मिनिटांसाठी येऊन जात नाही, हे मला पक्के माहीत असतानाही मी असे बोलून गेलो.

सहाव्या दिवशी चहा पिताना त्यांच्या उजव्या हातातून कप निसटला. वहिनींनी काय झाले म्हणून विचारले तेव्हा त्यांना शब्दच सापडेनात, आणि ओठांचा उजवा कोपरा खाली ओघळलेला दिसला. हृदयाचा रुग्ण म्हणून त्यांच्या खिशात नेहमी सॉर्बिट्रेट असते. वहिनींनी ती काढून जिभेखाली ठेवली आणि जवळच्या रुग्णालयात नेले. पोहोचेपर्यंत पंधरा-वीस मिनिटांत हात आणि बोलणे पूर्ववत झाले होते. तिथे ईसीजी, हृदयाची इजा दाखवणारी ट्रोपोनिन ही रक्तचाचणी आणि इको, तिन्ही चांगले आले. "हार्टला काही नाही, अशक्तपणा असेल," असे सांगून दुसऱ्या दिवशी घरी पाठवण्यात आले. कागदपत्रांत मानेचा उल्लेख कुठेही नव्हता.

डावा डोळा आणि उजवा हात या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण त्या एकाच जागेकडे बोट दाखवतात. मानेच्या दोन्ही बाजूंना कॅरोटिड धमनी असते आणि तिची आतली शाखा मेंदूकडे जाते. त्याच बाजूच्या डोळ्याला रक्त देणारी धमनी याच शाखेतून फुटते. मेंदूचा डावा भाग मात्र शरीराची उजवी बाजू चालवतो, आणि बहुतेक माणसांत भाषाही तिथेच असते. म्हणून डावी कॅरोटिड अरुंद असेल, तर डोळा डावा जातो, हात उजवा जातो आणि बोलणे अडते. अशी लक्षणे काही मिनिटांत, फार तर तासाभरात, पूर्ण जातात आणि मेंदूत कायमची इजा राहत नाही, तेव्हा त्याला टीआयए किंवा बोलीभाषेत मिनी स्ट्रोक म्हणतात. रुग्ण बरा दिसतो, आणि फसगत होते ती इथेच. टीआयएनंतर नीट उपचार झाले नाहीत, तर पुढील ९० दिवसांत दहापैकी सुमारे एकाला पक्का पक्षाघात होत असल्याचे जुन्या मोठ्या अभ्यासांत दिसले, आणि त्यातले जवळपास निम्मे झटके पहिल्या दोन दिवसांतच आले होते.

हृदयाची धमनी आणि मानेची धमनी, दोन्हींत चरबीचा थर साचतो, पण अपाय होण्याची रीत वेगळी आहे. हृदयात थर फुटला की त्यावर तिथल्या तिथे गुठळी बसते आणि रक्त थांबते. कॅरोटिडमध्ये बहुतेक वेळा रक्त कमी पडण्याचा प्रश्न नसतो, कारण मेंदूला इतर तीन मोठ्या धमन्यांतूनही रक्त मिळते. तिथे थराच्या खडबडीत पृष्ठभागावर बारीक गुठळ्या जमतात आणि त्यांचे कण सुटून वर डोळ्यात किंवा मेंदूत जाऊन अडकतात. कण विरघळला तर टीआयए, न विरघळला तर पक्षाघात. म्हणजे बंधूंच्या मानेत एक कण सोडणारे ठिकाण चालू झाले होते, आणि सगळ्या तपासण्या छातीच्या चालल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मला दोन्ही प्रसंग एकत्र कळले आणि त्याच दुपारी मी त्यांना मज्जाविकारतज्ज्ञांकडे नेले. एमआरआयमध्ये इजा नव्हती. मानेच्या डॉप्लरमध्ये, म्हणजे धमनीतल्या रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीत, डाव्या आतल्या कॅरोटिडमधला रक्ताचा वेग सेकंदाला ३१० सेंटिमीटर निघाला. अरुंद नळीतून पाणी जसे जोरात उसळते तसे हे असते, आणि वेग साधारण २३० च्या वर गेला की अरुंदपणा ७० टक्क्यांच्या पुढे धरतात. डॉप्लर हे तपासणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते, म्हणून सीटी अँजिओग्राफीने खात्री केली. धमनी ८० टक्के अरुंद होती.

अशा रुग्णांबाबतचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. उत्तर अमेरिकेतील नॅसेट या अभ्यासात, लक्षणे दिसलेल्या आणि ७० ते ९९ टक्के अरुंदपणा असलेल्या रुग्णांत केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी २६ टक्क्यांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. शस्त्रक्रिया केलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. हे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. पुढे अशा अभ्यासांची आकडेवारी एकत्र केल्यावर उशिराची किंमतही कळली. ५० टक्क्यांहून अधिक अरुंदपणा असलेल्यांत, शेवटच्या लक्षणानंतर दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया केली तर पाच वर्षांत एक पक्षाघात टाळण्यासाठी पाच जणांवर करावी लागते, आणि बारा आठवड्यांनंतर केली तर १२५ जणांवर. शस्त्रक्रिया तीच, शल्यविशारदही तेच, तरी फायदा उरत नाही, कारण ज्यांना झटका यायचा त्यांना तो तोवर येऊन गेलेला असतो.

घरात पहिला प्रश्न आला तो पुतण्याचा: "काका, हार्टमध्ये स्टेंट टाकला तसा मानेतही टाकता येईल ना?" टाकता येतो, पण सत्तरी ओलांडलेल्या रुग्णांत तार आणि स्टेंट थरावरून नेताना कण सुटून पक्षाघात होण्याचा धोका शस्त्रक्रियेपेक्षा जास्त दिसला आहे. शस्त्रक्रियेत मान उघडून धमनीला वर-खाली चिमटे लावतात, ती उभी चिरून आतला थर सोलून काढतात आणि चीर पट्टी लावून शिवतात. संबंधित पथकाचे शस्त्रक्रियेदरम्यानच्या पक्षाघात व मृत्यूचे प्रमाण सहा टक्क्यांच्या खाली असेल तरच ती लाभाची ठरते. हा आकडा नातेवाइकांनी अवश्य विचारावा. आम्ही विचारला, आणि डॉक्टरांनी जराही न रागावता सांगितला. कप निसटल्यापासून नवव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली.

आता खिशातल्या त्या गोळीविषयी. सॉर्बिट्रेट रक्तदाब खाली आणते. छातीतल्या दुखण्यात तिचा उपयोग असतो, परंतु अरुंद धमनीच्या पलीकडे मेंदू आधीच तहानलेला असेल, तर दाब अचानक उतरवणे घातक ठरू शकते. हात गळाला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडले, तर घरी अ‍ॅस्पिरिन चघळायला देणेही चुकीचे आहे, कारण ही लक्षणे गुठळीची की रक्तस्रावाची हे सीटी स्कॅनशिवाय कोणालाही सांगता येत नाही, आणि गिळण्यावर परिणाम झाला असेल तर गोळी श्वासनलिकेत जाऊ शकते.

औषधांचेही गणित वेगळे आहे. हार्ट अ‍ॅटॅकनंतर स्टेंट बसवला की रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर देतात. टीआयएनंतर धोका मोठा असेल तर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही जोडी बहुधा २१ दिवस देतात आणि पुढे एकच ठेवतात, कारण ती लांबवली की मेंदूतील आणि पोटातील रक्तस्राव वाढतो आणि त्या प्रमाणात झटके काही टळत नाहीत. प्रासुग्रेल हे स्टेंटनंतरचे प्रभावी औषध तर पूर्वी टीआयए किंवा पक्षाघात होऊन गेलेल्याला द्यायचेच नसते. म्हणून हृदयरोगतज्ज्ञांना "मध्ये एकदा हात बधिर झाला होता" हे सांगायलाच हवे, मग तो प्रसंग कितीही किरकोळ वाटो.

आणि रक्तदाब. बंधूंचा वरचा दाब दोन वर्षे १५० ते १५६ होता. कोलेस्टेरॉल उत्तम, ईसीजी उत्तम, त्यामुळे "वयाच्या मानाने ठीक आहे" म्हणून सगळ्यांनी सोडून दिले. पक्षाघाताच्या कारणांत रक्तदाब पहिल्या क्रमांकावर आहे, कोलेस्टेरॉल त्याच्या बरेच मागे. शस्त्रक्रियेपूर्वी आम्ही तो घाईने उतरवला नाही, नंतर मात्र हळूहळू १३० च्या खाली आणला.

याचा अर्थ प्रत्येकाने आरोग्य तपासणीच्या पॅकेजात मानेचे डॉप्लर करून घ्यावे असा मुळीच नाही. लक्षणे नसताना सापडलेल्या अरुंदपणात आजच्या औषधांवर वर्षाला सुमारे एक टक्क्याच्या आसपासच धोका राहतो, आणि शस्त्रक्रियेचा स्वतःचा धोका त्याहून मोठा ठरू शकतो. बंधूंची उजवी धमनी ४० टक्के अरुंद आहे, तिला कोणी हात लावलेला नाही. धमनी पूर्ण बंद झाली असेल तर ती सहसा उघडत नाहीत. उलट, लक्षणे आहेत आणि डॉप्लर स्वच्छ आहे, म्हणून निश्चिंत होणेही बरोबर नाही. आपल्याकडे कवटीच्या आतील धमन्याही बऱ्याच रुग्णांत अरुंद आढळतात आणि मानेचे डॉप्लर तिथवर पोहोचत नाही. हृदयाची लय अधूनमधून बिघडत असेल, तर गुठळी हृदयातूनच येते आणि तिथे अ‍ॅस्पिरिन पुरत नाही, वेगळी औषधे लागतात.

शहरातील रुग्णालयांना माझी एकच विनंती आहे. काही मिनिटांत बरी झालेली अशी तक्रार घेऊन कोणी अपघात विभागात आले, तर ट्रोपोनिनबरोबर मानेच्या व मेंदूच्या धमन्यांची तपासणी त्याच दिवशी व्हावी, आणि घरी सोडण्याच्या कागदावर तिचा निकाल लिहिलेला असावा. बंधूंच्या खिशात आता गोळीच्या पाकिटाला वहिनींनी चिठ्ठी डकवली आहे: "फक्त छातीत दुखले तर. तोंड, हात, बोलणे किंवा डोळा गेला तर गोळी नाही, वेळ लिहून ठेवणे आणि १०८."

आपला,
एक निवृत्त जनरल प्रॅक्टिशनर
परळ, मुंबई