तास नको, लिटर सांगा: पाणीपुरवठा मंत्र्यांना खुलं पत्र

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री महोदय, सप्रेम नमस्कार.

मी एका 14 फ्लॅटच्या सोसायटीचा सेक्रेटरी. आमच्याकडे रोज एक तास पाणी येतं. कागदावर हे छान दिसतं, रोज पाणी म्हणजे तक्रारीला जागाच नाही. तक्रार तासाची नाहीचे साहेब, त्या तासात किती लिटर येतं हे कुणीच सांगत नाही ही आहे.

बिल्डरने जमिनीखालचा पाण्याचा संप बांधला तो हिशोबानेच. माणसं 56, माणशी 135 लिटर, म्हणजे दिवसाला 7,560. एक दिवस पाणी नाही आलं तरी चालावं म्हणून दोन दिवसांचं धरून 15,000 लिटरचा. आतून 3 मीटर बाय अडीच मीटर, पाण्याची उंची 2 मीटर. गच्चीवरची टाकी 5,000 ची, कारण पंप सकाळ-संध्याकाळ दोनदा चालवला की अर्ध्या दिवसाचं पाणी वर ठेवलं तरी भागतं, उगाच स्लॅबवर पंधरा टन वजन कशाला. हिशोब चुकलेला नाही. तरी हा संप गेल्या दोन वर्षांत नळाच्या पाण्याने एकदाही भरलेला नाही!

आधी सगळे म्हणाले संप लीक असेल. म्हणून मी एक सोपा उद्योग केला, लाकडी काठीवर सेंटिमीटरच्या खुणा केल्या. आमच्या संपाचं तळाचं क्षेत्रफळ साडेसात चौरस मीटर, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर चढली की 75 लिटर. रात्री पंप आणि कॉक बंद ठेवून सकाळी परत मोजलं, पातळी हलली नव्हती, म्हणजे लीक नाही. मग पंप बंदच ठेवून पाणी यायच्या आधी आणि गेल्यावर मोजलं. आठवडाभर. सरासरी 44 सेंटिमीटर, म्हणजे 3,300 लिटर. माणशी 59 लिटर, निम्म्यापेक्षा कमी.

असं का होतं तेही बघितलं. आमचं कनेक्शन एक इंची. पहिली दहा मिनिटं पाईपमधून नुसती हवा आणि गढूळ पाणी, ते आम्ही संपात न घेता बाहेर सोडतो. मधे प्रेशर चांगलं असतं तेव्हा 20 लिटरची बादली 15 सेकंदात भरते. शेवटी शेवटी तीच बादली दीड मिनिट घेते. म्हणजे संप 15,000 चा करा नाहीतर 50,000 चा, तासात यायचं तेवढंच येणार. परवानगी देताना संपाची साईज बघतात, कनेक्शनचा व्यास आणि तिथलं प्रेशर धरून तो भरेल का हे बघायला नको?

उरलेलं पाणी टँकरचं. त्यात पुन्हा संपाच्या तळचे 15 सेंटिमीटर पाणी उचलता येत नाही, फुटव्हॉल्व्हच्या खाली गाळ असतो ना, म्हणजे 1,100 लिटर कायम अडकलेले. टँकर आला की क्लोरीन टेस्ट करतो, बहुतेक वेळा शून्य. मग 10,000 लिटरला 30 ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी संपात टाकायचं आणि अर्ध्या तासाने परत टेस्ट. लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन दिसल्याशिवाय पंप चालू करत नाही. (वॉचमन मला आता केमिस्ट म्हणतो.)

आणि एक भानगड जी तुमच्यापर्यंत बहुतेक पोचत नाही. प्रेशर कमी झालं की लोक नळाच्या लाईनलाच मोटर लावतात. पुढच्यांचं पाणी जातं ते जातंच, पण लाईनमध्ये ओढ बसली की जिथे पाईप फुटका आहे तिथून गटाराचं पाणी आत खेचलं जातं. दुसरं म्हणजे बऱ्याच संपांत भरण्याचा पाईप थेट पाण्यात बुडवलेला असतो, मग लाईन रिकामी झाली की संपातलं पाणी उलटं लाईनमध्ये जातं. आमचाही तसाच होता, तो कापून ओव्हरफ्लोच्या वर घेतला. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम, पण हे तपासायला कुणी येत नाही.

तर मागणं एवढंच. कनेक्शन देताना तासाऐवजी रोजचे किमान लिटर लिहून द्या, आणि ते मीटरवर दिसू द्या. तेवढं येत नसेल तर मोठ्या व्यासाचं कनेक्शन मिळू दे, आणि लाईनच्या टोकाला असलेल्या सोसायट्यांना जास्त वेळ द्या. लाईनवरच्या मोटारी काढायची मोहीम पाणी चालू असतानाच घ्या, दुपारी बारा वाजता येऊन काय दिसणार? आणि शटडाऊनचा मेसेज आदल्या दिवशी पाठवा, म्हणजे टाकी आधी भरून ठेवता येईल.

उद्या पाणी पाचला येणार की साडेसहाला हे अजून कळलेलं नाही, म्हणून अलार्म पावणेपाचचा लावलाय.

आपला,
एका सोसायटीचा सेक्रेटरी