‘बाजारच बंद होता’ या कारणाने कापलेला लॉस ऑफ प्रॉफिट दावा : तक्रार पत्र

दिनांक : 14 मार्च 2022
चिपळूण, जि. रत्नागिरी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
विभागीय कार्यालय

विषय : फायर लॉस ऑफ प्रॉफिट पॉलिसीखालील दावा 33,290 रुपयांवर बंद केल्याबाबत हरकत.

महोदय,

माझ्या सासऱ्यांनी चिपळुणात सुरू केलेला छापखाना मी गेली 14 वर्षे चालवते. 22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या शहरात शिरल्या तेव्हा आमच्या प्रेसमध्ये सात फूट पाणी होते. ऑफसेट मशीनची मोटर, कंट्रोल पॅनेल, रोलर, कटिंग मशीन आणि कागदाचा सगळा साठा त्यात गेला. 2005 च्या पुरात सासऱ्यांकडे कसलाच विमा नव्हता. तो धडा लक्षात ठेवून मी आपल्याकडून दोन पॉलिसी घेतल्या होत्या. मालमत्तेसाठी एक, आणि धंदा बंद पडून बुडणाऱ्या नफ्यासाठी दुसरी.

मालमत्तेचा दावा आपण मान्य केला आणि पैसे दिले, त्याबद्दल तक्रार नाही. नफ्याच्या पॉलिसीची पहिली अट तीच आहे: त्याच जागेत, विम्यात धरलेल्या संकटाने मालमत्तेचे नुकसान झालेले असावे आणि त्या नुकसानीची जबाबदारी मालमत्ता पॉलिसीने स्वीकारलेली असावी. म्हणजे पुराने माझे मशीन बंद पडले, हे आपण आपल्याच चेकने कबूल केले आहे. भांडण त्यापुढचे आहे.

ही पॉलिसी काय देत नाही, हे मला ठाऊक आहे. एप्रिल-मे 2021 मध्ये सरकारी निर्बंधांमुळे काम निम्म्यावर आले होते. त्याचा एक रुपयाही मी मागितलेला नाही, कारण तेव्हा प्रेसमध्ये काही मोडले नव्हते, आणि नुसता हुकूम निघाला म्हणून दुकान बंद राहिले तर ही पॉलिसी हलत नाही. आपल्या एजंटांनी हे विकताना सांगितले नव्हते, मी वाचून शिकले. पहिल्या सात दिवसांचा तोटा माझा, हेही मान्य आहे.

आता 18 फेब्रुवारीच्या आपल्या पत्राकडे येते. सर्व्हेअरचा हिशोब असा: पूर आला त्या काळात, म्हणजे 22 जुलै ते 22 ऑक्टोबर, आदल्या वर्षी 2020 मध्ये माझी विक्री 9 लाख होती. तोच ‘स्टँडर्ड टर्नओव्हर’ धरला. मग ‘पुरामुळे शहराची बाजारपेठ बंद होती, वीजपुरवठाही खंडित होता, त्यामुळे नुकसान झाले नसते तरी धंदा झाला नसता’ असे म्हणून त्यातून 60 टक्के वजा केले. राहिले 3.60 लाख. या काळात मी बाहेरून छापून घेऊन 3.20 लाखांची विक्री केली होती, ती वजा. उरलेल्या 40 हजारांवर 40 टक्क्यांच्या दराने ग्रॉस प्रॉफिट 16 हजार. बाहेरून छापून घेण्याचा जादा खर्च 60 हजार मिळवला, वाचलेला खर्च 40 हजार वजा केला, 93 दिवसांतले सात काढले, आणि 33,290 रुपये. बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. चूक आहे ती पहिल्या दोन आकड्यांत.

प्रथम 9 लाख. 2020 च्या त्या तीन महिन्यांत धंदा कसा चालला होता हे मी आपल्याला सांगायची गरज नसावी. 2019 मध्ये याच काळात माझी विक्री 18 लाख होती. पॉलिसीत ‘धंद्याची चाल’ लक्षात घेऊन आकडे सुधारण्याचे कलम याचसाठी आहे. नुकसानीच्या आधी वा नंतर ज्या विशेष परिस्थितीचा धंद्यावर परिणाम झाला असेल, तिचा हिशोब करून, नुकसान नसते तर जो निकाल आला असता त्याच्या शक्य तितके जवळ जायचे. पुराच्या आधीच्या 30 दिवसांत माझी विक्री 5.40 लाख होती, 2019 मध्ये तेच दिवस 6 लाखांचे होते. म्हणजे धंदा करोनापूर्वीच्या 90 टक्क्यांवर आला होता. जीएसटीची विवरणपत्रे सर्व्हेअरकडे होतीच. 18 लाखांचे 90 टक्के 16.20 लाख होतात. सर्व्हेअरांनी हेच कलम वापरले, पण एकाच दिशेने: आकडा खाली आणायचा तेव्हा परिस्थिती विशेष, वर न्यायचा तेव्हा परिस्थिती दिसतच नाही.

दुसरे म्हणजे ते 60 टक्के, आणि माझी खरी हरकत इथे आहे. कपात 60 टक्केच का, 50 किंवा 70 का नाही, याची एक ओळही अहवालात नाही. पण ते बाजूला ठेवू. माझे गिऱ्हाईक चिपळूणच्या बाजारातले नाही. काजू पाकिटे, कोकम सरबताची लेबले, आंबापोळीची वेष्टने यांची छपाई ही माझ्या कामाची 85 टक्के. ते कारखाने रत्नागिरी, लांजा, सावंतवाडीकडे आहेत. लग्नपत्रिका, बिलबुके असे शहरातले काम उरलेले 15 टक्के. ही माणसे पुरातही होती आणि गणपती-दिवाळीच्या मालासाठी रोज फोन करत होती. याचा पुरावा आपल्याच हिशोबात आहे: मी कोल्हापूरच्या प्रेसमधून छापून घेतलेला 3.20 लाखांचा माल ऑगस्टच्या मध्यापासून त्यांनाच गेला. गिऱ्हाईकच नव्हते तर हा माल घेतला कोणी? तो एवढाच झाला, कारण दुसऱ्याच्या मशीनवर आपला नंबर शेवटी लागतो.

विजेचेही तसेच. बाहेरचा पुरवठा बंद पडल्यामुळे धंदा थांबला तर त्यासाठी वेगळे वाढीव कलम लागते, ते मी घेतलेले नाही, हे खरे. पण वीज होती आणि मशीन चालत नव्हते, असे दिवस नव्वदातले बहुतेक होते. मेकॅनिकचे जॉबकार्ड जोडले आहे. 22 ऑक्टोबरला पॅनेल बसले आणि दुसऱ्या दिवशी छपाई सुरू झाली.

समजा, माझे म्हणणे बाजूला ठेवून शहरातले 15 टक्के काम आपण पूर्ण वजा केले, तरीसुद्धा 16.20 मधून 2.43 जाऊन 13.77 लाख उरतात. तेही मी मान्य करणार नाही, आणि त्याचे कारण केवळ माझे गिऱ्हाईक बाहेरचे आहे हे नाही. ‘नुकसान नसते तर’ या शब्दांचा आपण लावलेला अर्थच चुकीचा आहे. आपण अशी कल्पना करता की शहर बुडाले, पण माझा छापखाना मात्र कोरडा राहिला. पाणी एकच होते. तेच माझ्या मशीनमध्ये शिरले आणि तेच बाजारात. आपल्या हिशोबाने माझ्या एकटीच्या प्रेसमध्ये टाकीचे पाणी शिरून मशीन बुडाले असते तर पूर्ण भरपाई, आणि सारे चिपळूण बुडाले म्हणून जवळजवळ शून्य. पूर जितका मोठा तितका विमा लहान, अशी पॉलिसी कोणी विकत घेईल का?

हा वाद नवा नाही. 2005 मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्समधले एक हॉटेल मोडले आणि शहरही उद्ध्वस्त झाले. विमा कंपनीने तिथे आपल्यासारखाच युक्तिवाद केला आणि 2010 मध्ये लंडनच्या हायकोर्टात तो टिकलाही. पण 15 जानेवारी 2021 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने करोनाच्या बिझनेस इंटरप्शन दाव्यांवरच्या चाचणी खटल्यात तो 2010 चा निकाल चुकीचा ठरवला. विम्यातल्या संकटाचे दुसरे परिणाम, जे त्याच मूळ कारणातून आले, ते ‘चाल’ कलमाखाली भरपाईतून वजा करायचे नाहीत, असे त्याचे सार. गंमत अशी की 2010 चा निकाल देणारे न्यायाधीश आणि त्या प्रकरणातल्या लवादातले एक सदस्य, हे दोघेही 2021 च्या खंडपीठात होते आणि आपलेच आधीचे मत चुकले असे त्यांनी लिहिले. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, हे माझ्या भाच्याने, तो वकील आहे, आवर्जून सांगितले. पण हे कलम आपल्याकडे ब्रिटिश पॉलिसीवरूनच बेतलेले आहे, शब्द तेच आहेत.

बंधनकारक हवे असेल तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा 2004 चा पुष्पलया प्रिंटर्सचा निकाल आहे. तोही छापखानाच. शेजारच्या रस्त्यावर बुलडोझर फिरून इमारत आणि यंत्रे हादरली, कंपनीने म्हटले की वाहन प्रत्यक्ष आदळले नाही, म्हणून भरपाई नाही. न्यायालयाने ठरवले की शब्दांचे दोन अर्थ निघत असतील तर विमाधारकाला अनुकूल अर्थ घ्यायचा.

माझा हिशोब असा आहे. 16.20 लाखांतून 3.20 लाख वजा जाता विक्रीतली तूट 13 लाख. त्यावर 40 टक्के म्हणजे 5.20 लाख. जादा खर्चाचे 60 हजार मिळवून आणि वाचलेले 40 हजार वजा करून 5.40 लाख. सात दिवसांचा हिस्सा काढला की 4,99,355 रुपये. विमा रक्कम 30 लाख आणि वर्षाचे ग्रॉस प्रॉफिट 28.80 लाख, त्यामुळे कमी विम्याची कपातही लागू होत नाही. पॉलिसीची भरपाईची मुदत सहा महिने आहे, मी मागितले आहेत ते तीनच. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दुसरीकडे गेलेली गिऱ्हाइके मी सोडून दिली आहेत.

आपल्या पत्रासोबत आलेले ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेले डिस्चार्ज व्हाउचर मी सही न करता परत पाठवत आहे. वादात नसलेले 33,290 रुपये उचल म्हणून लगेच द्यावेत, त्यासाठी मला बाकीचा हक्क सोडायला लावू नये. सर्व्हेअरच्या अहवालाची संपूर्ण प्रत, 60 टक्क्यांच्या आधारासकट, मिळावी. दाव्याचा हिशोब वरीलप्रमाणे पुन्हा करावा आणि उशिराच्या काळासाठी 2017 च्या विमाधारक संरक्षण नियमांप्रमाणे बँक दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याज द्यावे.

एक महिन्यात समाधानकारक उत्तर आले नाही तर मी पुण्याच्या विमा लोकपालाकडे अर्ज करणार आहे. प्रेस एकल मालकीची असल्याने ते दार मला उघडे आहे. एक विनंती आहे: पुन्हा बोलणी करायची असतील तर फोन करू नये, ई-मेल करावा. मागच्या फोनवर ‘मॅडम, मशीनचे पैसे तर मिळालेच ना’ असे ऐकावे लागले. मशीनचे पैसे मशीनला गेले. तीन महिने मुलांचे पगार, बँकेचा हप्ता आणि गाळ्याचे भाडे कशातून भरले, हे त्या प्रश्नात नव्हते.

आपली,
प्रोप्रायटर, ऑफसेट प्रेस, चिपळूण

सोबत : दोन्ही पॉलिसींच्या प्रती, 2019 ते 2021 ची जीएसटी विवरणपत्रे, मेकॅनिकचे जॉबकार्ड, कोल्हापूरच्या प्रेसची बिले, गिऱ्हाइकांची ऑर्डरपत्रे, सही न केलेले व्हाउचर.