चाळीस मिनिटं

प्रिय सुध्या,

तुझं टिपण मिळालं. चार दिवसांच्या सहलीचं सगळं बाड तू आठ पानांत बसवलंस याचं आधी कौतुक करतो, कारण पुढे फार कौतुक येणार नाही. तू म्हणालास, "दुसरं कुणी हे वाचून जाणार आहे, तेव्हा बिनधास्त चुका काढ." म्हणून दोन संध्याकाळ बसलो. माझे फोनमधले फोटो, तिकिटांचे तुकडे, पैसे गेल्याचे मेसेज असं सगळं समोर मांडलं आणि तुझं टिपण ओळीओळीने ताडून पाहिलं.

तळ्याच्या परिच्छेदापासून सुरुवात करतो, कारण तिथे तू एका माणसावर अन्याय केला आहेस. तू लिहिलंस, "४ वाजून १० मिनिटांनी पोचलो. शेवटचा प्रवेश साडेचारचा असूनही रखवालदाराने आत सोडलं नाही. तसंही तळ्यात खास काही नाही, वगळलं तरी चालेल." वाचताना मलाही आधी रागच आला. मग आपण चौघे फाटकापाशी उभे असलेला माझा फोटो सापडला. त्यावरची वेळ ४:५०.

तुझा कॅमेरा आणि माझा फोन यांत चाळीस मिनिटांचं अंतर. खोटं कोण बोलतंय? त्याचा निकाल बसच्या तिकिटाने लावला. त्यावर छापलेली वेळ १०:२२ आहे. तेच तिकीट हातात धरून तू खिडकीशी काढलेल्या फोटोवर ९:४२. तू निघायच्या आधी कॅमेऱ्याची बॅटरी बदललीस ना, त्यानंतर घड्याळ लावताना गडबड झाली असणार. म्हणजे त्या दिवसाची तुझी प्रत्येक वेळ चाळीस मिनिटं आधीची आहे. आपण नऊला निघालो नव्हतो, ९:४० ला निघालो. रखवालदार बिचारा बरोबर होता. आणि 'खास काही नाही' हे मत आपण कुंपणाच्या जाळीतून बनवलेलं आहे.

फोटोंवरून दिवस पुन्हा जुळवणं ही उत्तम युक्ती आहे, स्मरणशक्तीपेक्षा शंभर पटींनी बरी. फक्त आधी एक तरी फोटो अशा वस्तूशी ताडून बघ जिच्यावर वेळ छापलेली आहे. परदेशात घड्याळ बदलायला विसरलेला कॅमेरा तर सगळा दिवसच सरकवतो. आणि मेसेजमधून आलेले फोटो यासाठी वापरू नकोस, त्यांत बहुधा मूळ वेळ उरत नाही. शक्य तितके फोटो ज्याच्या त्याच्या फोनमधूनच घे.

आता तो दुसरा दिवस मी नव्याने जुळवला आहे. लॉजवरून निघालो ९:४० ला, स्टँडवर ९:५५, बस सुटली १०:२० ला, उतरलो ११:२५ ला, पायथ्याशी ११:४०. तू या सगळ्याला 'पाऊण तासाचा प्रवास' म्हटलंयस. नकाशा मोटारीने चाळीस मिनिटं दाखवतो, त्यावरून घेतलंस वाटतं. खोलीला कुलूप लावल्यापासून चढाईच्या पहिल्या पावलापर्यंत आपल्याला बरोबर दोन तास लागले. वाचणाऱ्याला हेच दोन तास हवे असतात. बसची वाट पाहण्यातली पंचवीस मिनिटं तुला आठवत नाहीत, कारण त्या वेळात काहीच घडलं नाही. वेळ मात्र गेलाच.

मग चढ. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा ठोकताळा सांगितला होता, तो डोंगर चढणारे आजही वापरतात. आजच्या मापांत तो असा: सपाटीच्या दर ५ किलोमीटरला एक तास, आणि वर चढाव्या लागणाऱ्या दर ६०० मीटर उंचीला आणखी एक तास. आपली वाट ४ किलोमीटरची आणि चढ ४५० मीटरचा. म्हणजे चालण्याची ४८ मिनिटं आणि चढाची ४५, मिळून ९३ मिनिटं. तू 'दीड तास' लिहिलंस ते या हिशेबाशी छान जुळतं, फक्त आपल्याशी जुळत नाही. आपल्याला दोन तास दहा मिनिटं लागली. तो ठोकताळा न थांबता, चांगल्या वाटेवरून चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. आपण तीनदा बसलो, एकदा वाट चुकलो, आणि तुझ्या बुटाच्या नाडीची कथा मी इथे उगाळत नाही. दोन्ही आकडे लिही: हिशेबाने दीड तास, चाळिशीतल्या चार सवय नसलेल्या माणसांना दोन तास दहा मिनिटं. म्हणजे वाचणारा स्वतःला दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसवेल. लहान मूल किंवा दुखरे गुडघे बरोबर असतील तर त्याला आणखी वाढवताही येईल.

पुढचं पटकन सांगतो. माथ्यावर १:५० ला, तिथे एक तास, उतरायला सव्वा तासाच्या वर, पायथ्याशी ४:१५, तळ्याच्या फाटकाशी ४:५०. आता उलट मोजून पाहा. तळं नीट पाहायला निदान तासभर हवा आणि फाटक पाचला बंद होतं, म्हणजे चारला तिथे असायला हवं. आपल्या चालीने त्यासाठी पन्नास मिनिटं आधी, ८:५० लाच खोलीतून निघायला हवं होतं, तेही बस तितकीच लवकर मिळाली तर. टिपणात निघण्याची वेळ अशीच ठरव. दिवसातली जी गोष्ट थांबत नाही, फाटक, शेवटची बस किंवा सूर्यास्त, ती आधी लिही आणि तिथून मागे मोजत ये. तू सकाळपासून पुढे मोजत गेलास, आणि असं पुढे मोजणारा प्रत्येक टप्प्यावर मनातल्या मनात थोडं थोडं कमी धरतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या खोडीवर लिहिलं होतं: माणूस काम कसं पार पडेल याचं चित्र रंगवून वेळ ठरवतो, आधी तसल्याच कामांना किती वेळ लागला हे पाहत नाही. तुझ्याकडे तर आपल्याच पायांचा पुरावा होता!

खर्चाच्या पानावर तू एकच आकडा दिला आहेस, माणशी इतके. एकूण रक्कम भागिले चार. बेरीज बरोबर आहे, मी तपासली. पण हा आकडा फक्त चौघांच्याच कामाचा आहे. मी रुपये बाजूला ठेवून एकूण खर्च १०० धरला आणि फोड केली. जाण्यायेण्याची तिकिटं ३०, बाकीचे दिवस ठरवलेली गाडी २४, दोन खोल्या २६, जेवणखाण १४, प्रवेशशुल्क ४, किरकोळ २. माणशी २५ झाले.

आता दोघंच गेले असं धर. तिकिटं, जेवण, प्रवेशशुल्क आणि किरकोळ निम्म्यावर येतील, खोली एकच लागेल. गाडी मात्र तेवढेच पैसे घेणार, तिला माणसं मोजता येत नाहीत. बेरीज ६२, माणशी ३१. आणि एकटा गेला तर? गाडीही पूर्ण त्याचीच आणि खोलीही. त्याला जवळजवळ ५० पडतात, तुझ्या आकड्याच्या दुप्पट! तुझं टिपण वाचून एखादा एकटा मुलगा निघाला तर तिसऱ्या दिवशी घरी फोन करेल. म्हणून प्रत्येक रकमेपुढे ती माणशी आहे, खोलीमागे आहे की गाडीमागे, एवढं लिही. भागाकार ज्याचा तो करेल.

तिथेच दोन गोष्टी आणखी. खोल्या तुझ्या मामांच्या ओळखीने स्वस्तात मिळाल्या, हे तू गाळलंस. लाज वाटत असेल तर मामांना वगळ, पण त्या दिवशी फळ्यावर लिहिलेला दर दे. आणि तिकिटं आपण दोन महिने आधी काढली होती, तेही सांग. रकमांशेजारी महिना आणि वर्ष असू दे, नाहीतर तीन वर्षांनी कुणीतरी तुझा दर दाखवून गाडीवाल्याशी भांडेल.

राहिला निराशेचा भाग. तुझ्या टिपणात 'ठीकठाक' हा शब्द सात वेळा आला आहे, त्यातून काही कळत नाही. धबधबा ठीकठाक नव्हता, त्यात पाणीच नव्हतं, आणि आपण गेलो तो ऐन कोरडा महिना होता. पाऊस सरल्यावर जाणाऱ्याला तो वेगळा दिसेल. तेव्हा तिथे धबधब्याला नावं न ठेवता महिना लिही. राजवाड्याचं उलट आहे. तिकीट पूर्ण घेतलं, सातपैकी दोन दालनं उघडी होती, आणि तसा फलक तिकीट काढल्यावर आतल्या बाजूला होता. इथे तू का गुळमुळीत झालास? कोणता वार होता, किती दालनं बंद होती, फलक कुठे होता, एवढं सरळ लिही. तिकिटाच्या खिडकीवरच "आज काय काय उघडं आहे?" हे विचारायचं, ही सूचनाही दे. आपण ते विचारलं नव्हतं हेही ओघात येऊ दे.

सूर्यास्ताच्या कड्याबद्दल मात्र मला तुझ्याशी भांडायचं आहे. तुला तो आवडला नाही कारण गर्दी होती. मला गर्दीचं काही वाटलं नाही, मी धुरकटपणामुळे हिरमुसलो. सूर्य क्षितिजाच्या बराच वर असतानाच विरघळून गेला. दोन्ही लिही. गर्दीला न कंटाळणाऱ्या माणसाने तुझ्यामुळे ती जागा का सोडावी?

आणि तळ्याच्या नावापुढे 'पाहता आलं नाही, उशीर आमचा' एवढंच ठेव. रखवालदाराची ओळ काढून टाक.

कॅमेऱ्याचं घड्याळ आजच्या आज लाव. पहिल्या आणि तिसऱ्या दिवसाचे तुझे मूळ फोटो पाठव, तिथेही चाळीसच मिनिटं सरकवायची की घड्याळ मधेच बिघडलं, ते तिकिटांशी ताडून कळवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मन्या