पोळ्यांच्या मावशींचं नाव आधी

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय मनू,

तू लिहून पाठवलेलं भाषण मिळालं. ऑफिस सांभाळून रात्री बसून लिहिलंस हे कळतंय, आणि भाषा सुंदर आहे. तरी आपल्या मेसच्या कर्वेनगरच्या दुसऱ्या शाखेच्या उद्घाटनाला मी ते जसंच्या तसं म्हणणार नाही. का, ते फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहिते आहे.

आधी वेळेचं. तू शनिवारी दुपारचा मुहूर्त सुचवला आहेस, पण शनिवारी दुपारी सदाशिव पेठेतल्या मेसमध्ये पंगती चालू असतात. म्हणजे ज्यांचे आभार मानायचे ते निम्मे लोक शेगडीपुढे उभे आणि इकडे मी माइकवर. मेस फक्त रविवारी संध्याकाळी बंद असते, म्हणून कार्यक्रम रविवारी संध्याकाळी सहाला ठेवला आहे. पूजा सकाळी घरच्या घरी उरकू. संध्याकाळचं खाणं बाहेरून मागवते आहे. आपल्याच माणसांनी स्वतःच्या सत्काराचे बटाटेवडे तळायचे, हे मला पटत नाही. सगळ्यांनी नेसून-सवरून यावं आणि खुर्चीवर बसावं.

आता भाषण. तुझं पहिलं वाक्य आहे, 'सर्व कर्मचाऱ्यांचे आणि ग्राहकांचे मनःपूर्वक आभार.' हे ऐकून आपल्या पोळ्यांच्या मावशींना आपले आभार मानले गेले असं वाटेल का? त्या टाळ्या वाजवतील आणि घरी जातील. आभार मानायचे तर त्या माणसाने नेमकं काय केलं आणि त्यामुळे आपलं काय झालं, हे दोन्ही सांगायला हवं. तरच ऐकणाऱ्याला कळतं की मालकिणीने पाहिलं होतं, तिच्या लक्षात होतं.

म्हणून सुरुवात मावशींपासून करते आहे. मी असं बोलणार आहे: 'मावशी, मेस सुरू झाली तेव्हा माझा आग्रह होता की सगळी कणीक पहाटे एकदमच मळून ठेवावी, म्हणजे काम उरकेल. तुम्ही नाही म्हणालात. तीन वेळा मळायची, तीही लागेल तेवढीच, असं तुम्ही ठरवलंत. उन्हाळ्यात पहाटेची कणीक दुपारपर्यंत सैल पडते, आंबूस होते आणि पोळी डब्यात वातड होते, हे तुम्हाला ठाऊक होतं. किलोभर पिठाच्या सव्वीस-सत्तावीस पोळ्या होतात. पातळ लाटून तीस काढता येतील, असं मी एकदा म्हणाले होते. तीस निघतील, पण दोन वाजता त्या कुणी खाणार नाही, असं तुम्ही मला तोंडावर सांगितलंत. आज डबा दुपारी उघडला तरी पोळी मऊ असते, म्हणून लोक परत येतात. दुसरी शाखा त्या पोळीवर उभी आहे.'

एवढंच. यात 'अन्नपूर्णा' नाही, 'मातृतुल्य' नाही. मावशींना ते शब्द आवडतीलही, पण कणकेचं कुणी बोललं तर त्या शेजारणीला सांगतील.

त्यांच्यानंतर डब्यांचे काका, मग भांड्यांच्या दोघी, मग भाजीचे मामा. कामाचा मान बघून क्रम लावला नाही, जो जितका जुना तितका आधी, असा लावला आहे. तू व्यवस्थापकांना पहिलं ठेवलं होतंस. ते चांगले आहेत, पण अलीकडचे आहेत, आणि जुन्या माणसांच्या ते लगेच लक्षात येईल. काम सोडून गेलेल्या तिघींनाही बोलावलं आहे. त्यांची नावंही घेईन, कारण पहिल्या वर्षीचा भार त्यांनी उचलला.

'आपण सगळे एक कुटुंब आहोत' हे वाक्य मी काढलं आहे. रागावू नकोस. त्यांना त्यांची कुटुंबं आहेत, आणि ती चालवायलाच त्या पहाटे घर सोडतात. हा शब्द मालकाच्या तोंडून बहुतेक वेळा सणाला सुट्टी मागितली की निघतो. त्याऐवजी मी पीएफचं सांगणार आहे. वीस किंवा जास्त माणसं झाली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो, आणि शाखा वेगवेगळ्या असल्या तरी माणसं एकत्र मोजतात. इथली चौदा आणि कर्वेनगरची नवी नऊ धरली की आपण तेवीस होतो. म्हणजे कायद्यानेच ते करायचं आहे. म्हणून 'मी तुम्हाला भेट देते आहे' अशा सुरात बोलणार नाही. 'हे तुमच्या हक्काचं आहे आणि या महिन्यापासून सुरू होतंय' असं सांगेन.

पण हेही भाषणात पहिल्यांदा कळता कामा नये. मूळ पगाराच्या बारा टक्के त्यांच्याकडून कापले जातात आणि तेवढेच आपण घालतो. चौदा हजारांच्या पगारातून 1,680 रुपये जाणार. भर सभेत हे ऐकलं की आनंद राहील बाजूला, पगार कमी झाला हीच कुजबुज सुरू होईल. म्हणून गेल्या आठवड्यात सीएंना मेसवर बोलावलं आणि प्रत्येकीला तिचा आकडा कागदावर दाखवला. कापलेले आणि आपले मिळून 3,360 रुपये दर महिन्याला तिच्या नावे जमा होणार, त्यातला काही भाग पेन्शनचा, आणि नोकरी बदलली तरी यूएएन हा कायमचा नंबर तोच राहतो, हे त्यांनी समजावलं. हातात येणारी रक्कम खाली जाऊ नये म्हणून पगारही तेवढा वाढवते आहे. आता रविवारी एका वाक्यात बोललं तरी चालेल.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे: कोण इथे राहणार आणि कोण तिकडे जाणार. सध्या मेसमध्ये तोच विषय आहे. ज्या इथे राहणार त्यांना वाटतंय की चांगल्या माणसांना नव्या जागेत नेतात. तसं नाही. मावशी इथेच राहणार. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दोघी कर्वेनगरला जाणार, आणि त्या दोघींना मावशींनी निवडलं आहे. हे सगळ्यांसमोर म्हटलं की विषय संपेल.

आता ग्राहक. इथे तुझं-माझं सगळ्यात जास्त वाजणार आहे, मला माहीत आहे. तू लिहिलं आहेस की आपल्याकडे जेवलेल्यांपैकी जे अधिकारी झाले त्यांना पुढच्या रांगेत बसवावं आणि पदासकट नावं घ्यावीत. मनू, आपल्या मेसमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं जेवतात. त्यांतली किती पास होतात हे या पेठेत राहणाऱ्या कुणालाही विचार. तहसीलदार झालेला मुलगा येतो आहे, मला त्याचा फार अभिमान आहे. पण त्याच्याच टेबलावर बसून जेवणारा, वर्षानुवर्षं अभ्यास करून शेवटी गावी परत गेलेला मुलगाही येतो आहे, सांगलीहून, रजा काढून. दोघांनी पहिल्या महिन्याचे पैसे आगाऊ दिले होते. मोठी पातेली आणि गॅसची अनामत मी त्या पैशांतून भागवली. बँकेने तेव्हा मला दारात उभं केलं नव्हतं. आभार मानायचे ते त्या आगाऊ पैशांचे, पदाचे नाहीत. म्हणून नावं घेईन ती नुसती, पदाशिवाय, आणि रांगा ठरवणार नाही. ज्याला जिथे जागा मिळेल तिथे तो बसेल.

खाड्याच्या वहीचीही गोष्ट सांगणार आहे, ती तुला ठाऊक नसेल. सुरुवातीला मुलं गावी जायची आणि महिनाअखेरीस किती दिवस जेवलो नाही यावरून कटकट व्हायची. त्यांच्यातल्याच एकाने सुचवलं की खाडा आदल्या रात्री आठच्या आत वहीत लिहायचा आणि दोघांनी सही करायची. आठ का, तर मामा पहाटे मार्केट यार्डला जातात, त्याआधी उद्या किती पानं हे कळलं पाहिजे. त्यानंतर भाजी उरून फेकायची वेळ जवळपास येत नाही आणि पैशांवरून वादही होत नाहीत. कर्वेनगरलाही तशीच वही असेल. मी म्हणणार आहे: 'हा नियम माझा नाही, तुमचा आहे. तुम्ही जेवून पैसे दिलेत त्याचे आभार आहेतच, पण आमटी पातळ झाली हे बाहेर न सांगता मला येऊन सांगितलंत, त्याचे जास्त आहेत.'

लॉकडाऊनचा परिच्छेद छोटा केला. 'त्या काळात आम्ही एकाही मुलाला उपाशी ठेवलं नाही' हे खरं असलं तरी त्यात आपलीच पाठ थोपटली जाते. 5 एप्रिल 2020ची राज्यसेवेची परीक्षा पुढे गेली, पुढे जातच राहिली आणि शेवटी मार्च 2021मध्ये झाली. तोवर घरून पैसे येणं थांबलेली कितीतरी मुलं होती. कुणाची किती उधारी होती आणि कुणी कधी फेडली, यातलं एक अक्षर माइकवर नको, चांगल्या अर्थाने सुद्धा नको. त्यांची लग्नं झाली आहेत, बायका-मुलं सोबत येतील. तसंच, त्या दिवसांत मेसवर राहून ज्यांनी स्वयंपाक केला त्यांचं कौतुक करताना, वस्ती सील झाल्यामुळे ज्यांना येताच आलं नाही त्यांना कमीपणा येता कामा नये. म्हणून एकच वाक्य ठेवलं आहे: 'ज्या येऊ शकल्या त्यांनी चूल चालू ठेवली, ज्या येऊ शकल्या नाहीत त्यांनी रस्ते उघडल्यावर दुसऱ्याच दिवशी पदर खोचला.'

जुन्या ग्राहकांच्या मनात एक धाकधूक आहे, ती कुणी बोलत नाही: दुसरी शाखा निघाली की पहिलीची चव जाते. त्यावर मी पाळता येईल तेवढाच शब्द देईन. आमटी-भाजी ज्या त्या ठिकाणी शिजेल, एका जागी शिजवून टेम्पोने पाठवणार नाही. दुपारच्या उन्हात झाकणबंद पातेल्यातली उसळ लवकर वास मारते. गोडा मसाला तेवढा इथून जाईल आणि गहू एकाच गिरणीतून दळून येईल. दर कधी वाढणार नाहीत असं मात्र म्हणणार नाही. सिलिंडर महागला तर वाढवावेच लागतील.

तुझा शेवटचा परिच्छेद, पुढच्या पाच वर्षांत पाच शाखांचा, तो सध्या राहू दे. कर्वेनगरला दोन वेळचा स्वयंपाक वेळेवर निघायला लागला की मग बोलू.

सगळं मिळून सात-आठ मिनिटं होतात, मी मोठ्याने वाचून पाहिलं. नावांची यादी सोबत पाठवते आहे. पहिल्या वर्षीच्या मुलांपैकी दोघांची आडनावं मला आठवत नाहीत, जुन्या वहीचं ते पान भिजलं आहे. तुझ्या फोनमध्ये तेव्हाचा ग्रुप असेल तर बघ. एकाचं नाव राहून गेलं तर त्याला ते लागेल. शनिवारी रात्रीपर्यंत पोहोच, म्हणजे रविवारी सकाळी यादी मावशींना वाचून दाखवू. कोण कधी लागलं, हे माझ्यापेक्षा त्यांना नीट आठवतं.

तुझी,
आई