मांडू ट्रिपचा हिशोब, रविवारपर्यंत क्लिअर करा

मंडळी, ठरले होते सहा जणांचे १५,००० आणि भाऊंच्या खिशातून गेले २१,६००, म्हणून ग्रुपवर कुरबुर चाललीय ती थांबवा. बिलं बघितली मी. २,४०० गाडीवाल्याचा जास्तीचा दिवस, पावसात अडकलो तो, सगळ्यांचाच. उरलेले ४,२०० म्हणजे न विचारता घेतलेली एसी रूम, तिथे झोपले भाऊ आणि पप्पू, तर ते दोघांतच, २,१०० प्रत्येकी. बाकी १७,४०० भागिले सहा (पाच नव्हे, भाऊ पण जेवले की!) म्हणजे २,९००. आपण पाच जणांनी प्रत्येकी २,००० आधीच दिलेत, तर ९०० भाऊंना पाठवा, पप्पूने ३,०००. महूच्या पोह्यांचे पैसे मी दिलेत, ते सोडा.