पाकीट लिटरचं, पाणी फुलपात्रभर

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

मी गुहागर तालुक्यात बरीच वर्षं आरोग्यसेविका होते. गेल्या भाद्रपदात गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकींनी हाक मारली. मुंबईहून आलेल्या त्यांच्या दीड वर्षाच्या नातवाला रात्रीपासून आठ-नऊ पातळ जुलाब झाले होते. "ओआरएस देतेय गो, तरी पोर सारखं पाणी पाणीच करतंय," काकी म्हणाल्या. ओट्यावर पाकीट कापलेलं पडलं होतं, लिटरचं. ते सगळं त्यांनी एका फुलपात्रात कालवलं होतं. "दाट केलं म्हणजे जोर येईल," असा त्यांचा हिशेब. मी बोट बुडवून चाखलं, तर समुद्राच्या पाण्याची आठवण झाली. अर्धं फुलपात्र पोराच्या पोटात गेलेलं.

फुलपात्रात पाणी मावतं साधारण 200 मिली, म्हणजे ते द्रावण पाचपट दाट. योग्य मापात साखर आतड्यातून रक्तात शिरताना मिठाला सोबत घेऊन जाते आणि त्यांच्यामागून पाणी जातं. दाट झालं की उलटं होतं. अंगातलंच पाणी आतड्याकडे ओढलं जातं, जुलाब वाढतात आणि रक्तात मीठ चढतं. पोर तहानेनं कासावीस, चिडचिडं होतं आणि आपल्याला वाटतं, औषध कमी पडलं, अजून पाजा.

बाळाच्या अंगातलं पाणी किती आटलं, हे बघायची आमची साधी रीत आहे. बेंबी आणि कूस यांच्या मधली कातडी चिमटीत उभी उचलायची आणि सोडायची. ती झटकन बसली तर बरं. सावकाश बसली तर पाणी कमी झालंय. दोन सेकंदांहून जास्त घडी राहिली तर बाळ धोक्यात आहे. सोबत डोळे बघायचे. खोल गेलेत का, हे आईलाच विचारावं, रोजचा चेहरा तिला ठाऊक असतो. या पोराचे डोळे खोल गेले होते, रडताना पाणी येत नव्हतं, वाटी दिसली की झडप घालत होतं. पण कातडी मात्र फारशी रेंगाळली नाही. रक्तात मीठ चढलेल्या बाळाची कातडी अशी फसवते. म्हणून मी घरी थांबले नाही, रिक्षा करून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी तपासून नीट मापाचं द्रावण चमच्यानं सुरू केलं, अंगावरचं दूध चालू ठेवायला सांगितलं. दुपारी पोरानं शू केली तेव्हा काकी पहिल्यांदा खाली बसल्या.

मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, छोटं 200 मिलीत. किती पाण्यात ते पाकिटावर लिहिलेलं असतं. अर्धं आज, अर्धं उद्या, असं करू नये. आपल्या दमट हवेत उघड्या पाकिटाचा गोळा होतो आणि अर्ध्याचा अंदाज चुकतो. माप घरात नसेल तर लिटरची पाण्याची बाटली असतेच. पाणी आधी उकळून निववावं, मग पूड घालावी. कालवलेलं पुन्हा उकळू नये. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यावं.

पाकीटच नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा बारीक मीठ. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीनं चमचा निपटलेला. जाड्या मिठाचं माप यात धरू नका, आणि पावसात पाझरलेलं मीठ आधी तव्यावर कोरडं करून घ्या. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर टाकून नव्यानं करावं. शहाळ्यात मीठ फारच कमी असतं. ते वरून द्यायला हरकत नाही, पण द्रावणाऐवजी नको. मीठ घातलेली पेज मात्र जरूर द्यावी.

दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबामागे 50 ते 100 मिली, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. सोबत झिंकची गोळी जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरी करायची. पण बाळ मलूल पडलं, पिईनासं झालं, शीमध्ये रक्त दिसलं किंवा सहा तास शूच झाली नाही, तर चमचे मोजत बसू नये, दवाखाना गाठावा.

आशाताईंना एक विनंती. पाकीट हातात देताना "लिटरभर पाण्यात घाला" एवढंच सांगू नका. बाळाची आई-आजी घरातलं जे भांडं वापरणार, ते समोर आणायला सांगा आणि त्यात बाटलीनं पाणी ओतून दाखवा. काकींना लिटर माहीत होतं. आपलं फुलपात्र केवढं, ते माहीत नव्हतं.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, गुहागर