कामठीच्या सुभेदारकाकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सुभेदारकाका,
सा. न. वि. वि.

आजोबांच्या लष्करी पदकांच्या पेटीतला सहा टोकांचा तारा इतवारीत एकाने पितळेच्या भावाने मागितला होता. तुम्ही तो हातात घेतलात आणि आधी त्याची रिबन बाजूला सारलीत! आम्ही तर तिच्याच रंगांवरून शोधाशोध करत होतो. तुम्ही म्हणालात, "रिबन कुणीही बदलतं, धातू बदलत नाही."

दुसऱ्या महायुद्धाचे असे तारे एकाच घडणीचे असतात, मधे मुकुट आणि राजाची आद्याक्षरं. फरक फक्त भोवतीच्या गोल पट्टीवरच्या अक्षरांत. आमच्या ताऱ्यावर ‘द बर्मा स्टार’ निघालं. त्याची खरी रिबन मधे लाल, दोन्ही कडांना गडद निळी आणि त्या निळ्यात एकेक नारिंगी पट्टा अशी. आमच्याकडे होती ती गडद निळी, त्यावर फिकट निळे पट्टे. शिवाय तिची घडी सरळ, कडक पडलेली. ताऱ्याला वर छोटी गोल कडी असते, तिच्यात रिबन चुण्या पडून बसते. सरळ घडी पडते ती आडव्या दांडीच्या पदकावर. मग तुम्ही पेटीतलं दुसरं, गोल पदक मागितलंत. वर आडवी दांडी, मागच्या बाजूला भारताचा नकाशा, खाली १९३९-४५. इंडिया सर्व्हिस मेडल! रिबन त्याचीच होती. दोन्ही रिबिनी एकाच रुंदीच्या, म्हणून कुणीतरी सहज ओवली असणार.

ताऱ्याची मागची बाजू आई चिंच लावून घासणार होती. तुम्ही तिला थांबवलंत, हे फार बरं झालं. टॉर्च अगदी आडवी धरल्यावर सपाट धातूवर ठशांनी उमटवलेला नंबर, हुद्दा आणि आजोबांचं नाव वाचता आलं. अक्षरं इतकी उथळ की चार वेळा घासली असती तर गेलीच असती. ब्रिटिश सैनिकांना हेच तारे कोरे मिळायचे, म्हणून मागची बाजू कोरी असली तरी तारा नकली ठरत नाही, हेही तुम्ही आवर्जून सांगितलंत.

धाकट्या काकांना मात्र थोडं वाईट वाटलं. हा तारा शौर्याचा नाही, त्या मोहिमेत असल्याचा. आणि ठरावीक काळात बंगाल-आसामच्या काही भागांत नोकरी केलेल्यांनाही तो मिळे, त्यामुळे आजोबा ब्रह्मदेशात लढले असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. ते आता सेवापुस्तकावरूनच कळेल.

युद्धकाळात २८ दिवस नोकरी झालेल्याला वॉर मेडल मिळायचं, म्हणजे आजोबांचंही असायलाच हवं, असं तुम्ही म्हणालात. मागे दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा सिंह, ही खूण मी लिहून घेतलीय. काटोलच्या आत्याकडच्या डब्यात शोधणं चालू आहे. सापडलं की कामठीला येतोच, रिबन न काढता.

आपला,
एक नागपूरकर नातू